अस्तराचा रंग

आखाजीला अमळनेरला माहेरी जायचं म्हणून नवं ब्लाऊज शिवून घेतलं. वरचं कापड सुती होतं आणि आत गडद निळं अस्तर, मॅचिंग सेंटरमधून आणलेलं. दुपारभर झोक्यावर होते, अंगाला घामाच्या धारा. त्या दिवशी काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी काखेच्या कडेने आणि मानेमागे खाज सुटली आणि बारीक लाल पुरळ आलं. माय म्हणाली, "उन्हाया शे, घामोया शेतस." मलाही तेच वाटलं.

पावडर लावून झाली, मग मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणली. आठवडाभर बरं वाटलं. ब्लाऊज पुन्हा घातलं आणि दोन दिवसांनी तेच पुरळ, त्याच जागी. नंतर कळलं की त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्यामुळे खाज दबायची, कारण मात्र तसंच राहायचं.

जळगावच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी हात वर करायला लावला. काखेच्या खळग्यात काहीच नव्हतं, पुरळ होतं ते खळग्याच्या काठाने, जिथे कापड घासतं तिथे. डिओडरंटचा त्रास असता तर खळगा लाल झाला असता, असं त्या म्हणाल्या. मग एकदम विचारलं, "केसांना काळा डाय लावता का? कानामागे खाजतं?" खाजायचं, दोनदा खाजलं होतं. ब्लाऊजचा आणि डायचा काय संबंध, ते तेव्हा कळलं नाही.

त्वचेला नक्की कशाची ॲलर्जी आहे ते पाहणारी पॅच टेस्ट थंडीतच करायची ठरली, कारण उन्हाळ्यात घामाने पाठीवरच्या पट्ट्या सुटतात. सोमवारी पट्ट्या लावल्या, बुधवारी काढल्या, शुक्रवारी पुन्हा पाहिलं. तोवर पाठीला पाणी लावायचं नाही. बुधवारी दोन जागा जेमतेम गुलाबी दिसत होत्या. शुक्रवारी तिथेच फोड आले होते. बुधवारीच निकाल घेऊन घरी गेले असते, तर "काही नाही" असं समजून बसले असते. एक जागा पीपीडीची, म्हणजे काळ्या हेअर डायमधल्या रसायनाची. दुसरी डिस्पर्स ब्लू या कापडाच्या रंगाची. या दोघांची रचना जवळची असल्यामुळे एकाला चिडलेली त्वचा कधीकधी दुसऱ्यालाही चिडते.

डिस्पर्स रंग पॉलिस्टरसाठी वापरतात. सुती कापडाचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो. डिस्पर्स रंगाचं तसं नाही. सुमारे १३० अंशांवर, दाबाखाली, तो धाग्यात नुसता शिरून बसतो. धाग्याच्या वर उरलेला रंग कॉस्टिक सोडा आणि हायड्रो नावाचं रंग तोडणारं रसायन घातलेल्या पाण्याने काढून टाकायचा असतो. स्वस्त मालात ही धुलाई नीट झालेली नसली की तो घामाने आणि घासण्याने अंगावर उतरतो. गडद निळ्या-काळ्या रंगात हे जास्त.

मी ते ब्लाऊज रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवलं, पुढच्या वेळी तुरटीत. हे उपाय पॉलिस्टरच्या रंगाला लागूच पडत नाहीत. कोमट पाणी आणि साबणाने तीन वेळा धुतल्यावर पाणी स्वच्छ आलं, पण ओला पांढरा रुमाल अस्तरावर जोराने घासला की निळसर डाग येतच होता. धुण्याने वरचा सुटा रंग जातो, त्यामुळे अजून ॲलर्जी न झालेल्या माणसाने नवं कापड धुऊनच घालावं. माझ्यासारखीला मात्र उरलेला थोडा रंगही पुरतो.

भाच्याच्या बाबतीत मात्र धुण्याने काम झालं. त्याचा नवा, इस्त्री न लागणारा शर्ट उघडताच नाकात झणझणायचं, आणि मान-कोपर लाल व्हायचे. सुरकुत्या पडू नयेत म्हणून सुती कापडाला जी राळ लावतात, तिच्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतो. सुटा फॉर्मल्डिहाइड पाण्यात सहज विरघळतो. दोनदा भिजवून धुतल्यावर वास गेला आणि लालीही गेली. राळेतून पुढेही थोडा थोडा तो सुटत राहतो, त्यामुळे ज्याला त्याची खरी ॲलर्जी आहे त्याचं एवढ्याने भागत नाही. भाच्याचं भागलं.

माझं अस्तर शेवटी टेलरताईंनी उसवून काढलं. बदली घ्यायला गेले तेव्हा मॅचिंग सेंटरवाल्या दादांनी "प्युअर कॉटन आहे ताई" म्हणत पांढरं अस्तर पुढे केलं. मी काठाचा एक धागा ओढून काडीने पेटवला. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो. हा आकसला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. दादा काही बोलले नाहीत. वरच्या फळीवरचा दुसरा गठ्ठा काढला आणि त्यातला धागा स्वतःच ओढून माझ्या हातात दिला.