श्रावणात सुकटीचा वास

"श्रावण चाललाय, आणि घरात दोन दिवस सुकट भाजल्यासारखा वास येतोय. शेजारच्यांना विचारलं, तर तेही श्रावण पाळतात म्हणे. तुम्ही जरा येऊन बघा." कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या काकूंचा फोन आला. वायरमनला असला फोन यावा याचं त्यांनाच हसू येत होतं, मला मात्र आलं नाही. प्लगचं, होल्डरचं कडक प्लास्टिक आतून तापलं की मासळीसारखा वास सुटतो. फोनवरच सांगितलं, "हॉलमधलं सगळं बंद करा, मेन पाडा, मी निघालो."

घर नदीच्या बाजूचं, तळमजल्याचं. २०१९ च्या पुरात खालची सगळी वायरिंग गेली आणि नंतर ती नव्याने करताना बोर्ड छातीच्या उंचीवर घेतले. हे शहाणपणाचंच. पण हॉलमध्ये प्लग पॉइंट एकच राहिला आणि तोही उंचावर. त्यामुळे तिथून एक एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडलेला, त्यात लॅपटॉपसाठी घेतलेला सर्ज प्रोटेक्टरचा दुसरा बोर्ड लावलेला, आणि दोन्ही सोफ्यामागे. नातवंडं कॉलेजला, त्यामुळे मोबाईल, टॅब, दोन लॅपटॉप, पॉवर बँक, कानात घालायच्या त्या डब्या, राऊटर असा सगळा बाजार तिथेच. शिवाय पावसामुळे नातवाने इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून आत आणलेली. तिचा चार्जर पहिल्या बोर्डात.

काकांनी निदान आधीच करून ठेवलं होतं. "एवढे चार्जर एका बोर्डावर. लोड झाला. मी ह्या पोरांना रोज सांगतोय."

बोर्ड उलटा केला. एकाच सॉकेटभोवती प्लास्टिक तपकिरी होऊन आत खचलं होतं, बाकीची सॉकेट कोरी करकरीत. जास्त लोडनं बोर्ड गेला असता तर वायर सगळीकडून कडक झाली असती, भिंतीतला प्लग तापला असता. इथे दुखणं एका जागी होतं.

वायरीभोवती पकडून करंट मोजणारा क्लँप मीटर काढला. दोन वायरी एकत्र असलेल्या केबलला मीटर लावला तर तो शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात. म्हणून मी फेज वेगळी काढलेला एक वायरचा तुकडा पेटीत ठेवतो. माझ्या चांगल्या बोर्डावर सगळे चार्जर, दोन्ही लॅपटॉप आणि राऊटर लावला. मीटरवर एक अँपिअरही भरेना. काकांचा चेहरा पडला. बोर्ड सहा अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंत चालणारा. मोबाईलचे चार्जर दहा लावा की बारा, सहा अँपिअर गाठायला ते बिचारे कमीच पडतात. मग स्कूटरचा चार्जर लावला. तो एकटा ३.२ अँपिअर. सगळं मिळून चारच्या थोडं वर. म्हणजे बोर्डाच्या मर्यादेत, आणि लोड वाढला की पडणाऱ्या एमसीबीलाही पडायचं काही कारण नाही.

"मग जळलं कशानं?" नातू म्हणाला. "आणि एमसीबी कशाला बसवलाय मग?"

इथेच बहुतेक लोकांची गफलत होते. एमसीबी फक्त एकूण करंट बघतो. जळालेल्या सॉकेटमधून ३.२ अँपिअर जात होते आणि तेवढेच जायला हवे होते. करंट जास्त नव्हता, पिन आणि पट्टीची पकड ढिली होती. करंट गळला की लाईन तोडणारा आरसीसीबी असता तरी तो गप्पच बसला असता, कारण करंट कुठे बाहेर गळत नव्हता.

बोर्ड खोलला. आत पिनेला धरणाऱ्या पट्ट्या पितळी रंगाच्या, पण स्क्रू ड्रायव्हरचं चुंबकी टोक लावलं तर चटकन चिकटलं. लोखंडाला वरून मुलामा. पितळेला चुंबक चिकटत नाही. लोखंडी पत्र्याचा ताण लवकर जातो आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्याला गंजही धरतो. त्यात सॉकेट 'युनिव्हर्सल', म्हणजे गोल, चपटी, जाड, बारीक, कुठलीही पिन घेणारं. सगळ्यांना घेणारं सॉकेट कुणालाच घट्ट धरत नाही, असं माझं मत आहे. सहा अँपिअरच्या थ्री-पिनची पिन पाच मिलीमीटरची, बहुतेक मोबाईल चार्जरची चार. काकूंनी सांगितलं, याच सॉकेटात अनेक वर्षं इस्त्री लावली जायची. इस्त्रीची वायर प्रत्येक हाताबरोबर प्लगला हिसका देते. पट्ट्या फाकल्या त्या तिथे, आणि त्याच जागी आता रात्रभर बॅटरी.

नातवाला दाखवण्यासाठी मी एक गोष्ट केली, ती कुणी घरी करू नये. अंगणात पत्र्यावर उघडा बोर्ड ठेवला, स्कूटरचा चार्जर त्याच सॉकेटात लावला आणि मीटरची एक पिन पट्टीला, दुसरी प्लगच्या पिनेला टेकवली. जोड चांगला असता तर व्होल्टेज जवळपास शून्य दिसायला हवं. इथे १.६ व्होल्ट. त्याला ३.२ अँपिअरने गुणलं की पाच वॅट होतात. लगेच बंद केलं.

पाच वॅट म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण ती उष्णता मटारच्या दाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या पोटात, चार-पाच तास सलग तयार होते. पट्टी तापली की तिचा उरलासुरला ताण जातो. ताण गेला की पकड आणखी ढिली, वर काळा थर, आणि उष्णता आणखी जास्त. हे चक्र आपोआप थांबत नाही. त्याच ढिल्या जागी मोबाईलचा चार्जर असता तर? तो ओढतो ०.१ अँपिअरच्या आसपास, आणि उष्णता करंटच्या वर्गाने बदलते. करंट तिसाव्या हिश्श्यावर आला की उष्णता हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून तेच सॉकेट चार्जरखाली वर्षानुवर्षं निमूट चाललं असतं. माझा हिशोब एवढाच की बोर्डावर किती वस्तू लावल्यात हे मोजू नका, तासन् तास जोर लावणारी वस्तू कोणती ते शोधा. स्कूटर, इस्त्री, हीटर, पाण्यातली रॉड.

काकूंनी विचारलं, हे आधी कळतं का. कळतं. प्लग घालताना हाताला विरोध जाणवत नसेल, किंवा लोंबता प्लग आपल्याच वजनाने बाहेर येत असेल, तर त्या सॉकेटात जोराचं काही लावू नये. अर्धा तास चालवून स्विच बंद करावा, प्लग काढावा आणि पिनेजवळ हाताची मागची बाजू न्यावी. कोमट चालतं. बोट टेकवत नाही इतकं गरम असेल तर सॉकेट बाद. प्लगच्या पिना बघाव्यात. एकच पिन काळी किंवा निळसर झाली असेल तर तिकडची पट्टी गेली. आणि वास आला की त्याचं कारण शोधण्याआधी मेन पाडावा.

एवढ्यावर काम संपलं असतं, पण लॅपटॉप उचलून ठेवताना नात मला म्हणाली, "काका, याला हात लावला की मुंग्या येतात, चार्जिंग चालू असताना." तिला वाटायचं लॅपटॉप जुना झाला.

लॅपटॉपचा थ्री-पिन ॲडॅप्टर थोडासा करंट अर्थमध्ये सोडतो, तसा तो बनवलेलाच असतो. अर्थ नसेल तर तो लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येतो. घरच्या घरी अर्थची शंका घ्यायला ह्या मुंग्यांसारखी खूण नाही. जळालेल्या बोर्डाची केबल कापली. बोर्डाला तीन भोकं, प्लगला तीन पिना, आणि केबलमध्ये वायरी दोनच. तिसरी पिन शोभेची. असे बोर्ड आजही सर्रास विकले जातात. घेताना केबलवर ३ कोर छापलंय का ते बघायला हवं.

मग भिंतीतला पॉइंट तपासला. फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट. फेज-अर्थलाही साधारण तेवढंच यायला हवं, तर आकडा ८०-९० च्या मध्ये नाचत होता. पुरानंतर वायरिंग करणाऱ्याने हॉलपर्यंत अर्थ ओढलीच नव्हती. मीटरजवळ अर्थची वायर होती, हिरवी, धड.

आता तो महागाचा सर्ज बोर्ड. त्यावर दोन दिवे होते. 'सर्ज'चा लागलेला, 'अर्थ'चा विझलेला. घेतला त्या दिवसापासून विझलेलाच, असं नातवाने सांगितलं. त्याला वाटलं दिवा खराब आहे. अशा बोर्डात एमओव्ही नावाच्या चपट्या चकत्या असतात. एरवी त्या करंट जाऊ देत नाहीत. वीज पडल्याने किंवा लाईनवरच्या झटक्याने क्षणभर व्होल्टेज उसळलं की त्या वाट उघडतात. चांगल्या बोर्डात एक चकती फेज आणि न्यूट्रलमध्ये असते, बाकीच्या अर्थकडे जाणाऱ्या. इथे अर्थच नव्हती, म्हणजे अर्थकडच्या वाटा बंद आणि एकच उरलेली. शिवाय प्रत्येक मोठ्या झटक्यानं चकती थोडी झिजते, म्हणून 'सर्ज'चा दिवा विझला की बोर्ड चालू राहतो, संरक्षण मात्र राहत नाही.

काकांना वाटत होतं सर्ज बोर्ड असल्यावर लोडचीही काळजी नको. ते वेगळं काम आहे. आणि खांबावरचा न्यूट्रल तुटून घरात साडेतीनशे व्होल्ट मिनिटभर आले, तर ह्या चकत्या वाचवत नाहीत, त्याच तापतात. त्यासाठी मीटरनंतर व्होल्टेज बघून लाईन तोडणारा वेगळा रिले लागतो. तो बसवायचा की नाही हे त्यांनी दिवाळीवर ढकललं.

त्या दिवशी मीटरपासून हॉलपर्यंत अर्थ ओढली. स्कूटरसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट केला, अडीच एमएमच्या वायरीवर, बॅटरी ठेवायच्या जागेजवळ. चार्जरची सहा अँपिअरची पिन नीट धरावी म्हणून सहा-सोळा दोन्ही भोकांचा, पितळी पट्ट्यांचा सॉकेट. सोफ्यामागचा पॉइंट खाली न आणता त्याच उंचीवर आडवा सरकवला आणि सर्ज बोर्ड भिंतीवर ठोकून थेट त्यात लावला, मधला बोर्ड गेला. फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट. नुसत्या आकड्यावर विश्वास नको म्हणून फेज आणि अर्थवर शंभरचा बल्ब लावून पाहिला, लख्ख पेटला. आरसीसीबी त्या घरात तेव्हा नव्हता, असता तर बल्बने तो पडला असता. तो बल्बनंतर बसवला. मोबाईल, टॅब, लॅपटॉप सगळे पुन्हा त्या एका सर्ज बोर्डावर गेले, तेव्हा काका म्हणाले, "अरे, परत सगळं एकाच जागी?" म्हटलं, खुशाल लावा. 'अर्थ'चा दिवा आता लागला होता आणि लॅपटॉपच्या मुंग्या गेल्या होत्या.

जळका बोर्ड मी पिशवीत टाकत होतो तर काकांनी हात धरला. "बाकीची तीन सॉकेट चांगली हाईत की. माळ्यावर ठेवतो, गणपतीत लायटिंगला होईल." पक्कड काढली आणि केबल बोर्डाच्या तोंडाशी कापून टाकली.