पोस्टकार्डावरचा सुधाकर

स्मरणिकेसाठी शाळेतली एखादी आठवण लिहा, असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा आठवली ती बाईंची लाल पेन्सिल. नववीत सारांशलेखनाचा प्रश्न असायचा: दिलेला उतारा एकतृतीयांश करा. आम्ही मुली उताऱ्यातली दर तिसरी ओळ उचलून लिहायचो आणि शब्द मोजून खूश व्हायचो. बाई वही परत देताना म्हणायच्या, "अगं, तू उतारा कापलायस. आटवला नाहीस." दूध कापत नाहीत, आटवतात, एवढं कळायला मला पुढची आठ वर्षं लागली. तोवर मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तोंडी परीक्षा एकवीस दिवसांवर आली होती.

नेमलेली पुस्तकं आठ. समोर दोन परीक्षक, त्यातले एक बाहेरगावचे. वेळ साधारण वीस मिनिटं. मी दोनशे पानी वही भरून टिपणं काढली होती. मध्यवर्ती ग्रंथालयातून आणलेल्या समीक्षेच्या पुस्तकांतले परिच्छेदच्या परिच्छेद उतरवले होते. राम गणेश गडकऱ्यांच्या एकट्या 'एकच प्याला' नाटकाची चौदा पानं. ती वही घेऊन मी बडोद्यातल्या दांडिया बाजारात बाईंच्या घरी गेले. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण शेव-उसळीची बशी पुढे ठेवून वही तपासायची सवय गेली नव्हती.

त्या दिवशी मात्र त्यांनी वही उघडलीच नाही. म्हणाल्या, "सांग 'एकच प्याला'." मी सुरू केलं. अकरा मिनिटं बोलले आणि दुसऱ्या अंकात अडकले होते. बाईंनी घड्याळ उलटं ठेवलं. "परीक्षक तुला दुसऱ्या मिनिटाला थांबवणार. तिथं थांबलीस तर तुझ्या हातात काय असेल? सुधाकरचं बारसं!"

मग त्यांनी खणातून कोरी पोस्टकार्डं काढली. तेव्हा पंधरा पैशांना एक मिळायचं. आठ पुस्तकं, आठ कार्डं. मजकुराच्या बाजूला गोषवारा, पाच वाक्यांत. पत्त्याच्या बाजूला प्रश्न. अक्षर नेहमीचंच, बारीक करून जागा चोरायची नाही.

मी पहिल्या कार्डावर पाच अंकांची पाच वाक्यं लिहून नेली. बाईंनी प्रत्येक दोन वाक्यांमध्ये लाल पेन्सिलीने 'मग' लिहिलं. सुधाकरची वकिलीची सनद जाते, मग तो पितो, मग घर बसतं, मग मूल मरतं. "ही बातमी झाली. 'मग'च्या जागी 'म्हणून' किंवा 'पण' बसला पाहिजे. बसत नसेल तर तुझं वाक्य चुकीच्या जागी तुटलंय." त्या एका सूचनेवर मी तीन संध्याकाळी घालवल्या. शेवटी कार्डावर जे उतरलं ते साधारण असं होतं:

सुधाकर हुशार आहे पण विलक्षण मानी, म्हणून भर न्यायालयात न्यायाधीशाशी बिनसतं आणि त्याची सनद काही काळ काढून घेतली जाते. तो अपमान सोसत नाही, म्हणून कारकून तळीरामाच्या सांगण्यावरून तो पहिला प्याला घेतो. संसार उतरणीला लागतो, पण सिंधू भावाबरोबर माहेरी जायला नकार देते आणि दळण दळून घर चालवते. सुधाकर दारू सोडायचं ठरवतो, पण नोकरी मागायला गेल्यावर ओळखीचेच लोक त्याचा पाणउतारा करतात, म्हणून तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. नशेत त्याच्या हातून मूल जातं, सिंधू मरताना त्याला वाचवायला खोटं बोलते, पण ते सुटणं त्याला सोसत नाही आणि तो स्वतःला संपवतो.

लिहून झाल्यावर मलाच एक गोष्ट दिसली. पाचांपैकी दोन वाक्यांत अपमान होता आणि दारू दोन्हीकडे त्याच्या मागून येत होती. चौदा पानांच्या टिपणांत मी 'मद्यपानाचे दुष्परिणाम दाखवणारे नाटक' असं ठळक लिहून खाली रेघ ओढली होती. कार्ड मात्र वेगळं सांगत होतं: ही दारूची शोकांतिका की मानाची?

"आता उलटी बाजू," बाई म्हणाल्या. मी जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या, तर त्यांनी त्या बाजूला सारल्या. लेखी परीक्षेचे प्रश्न तोंडीला फारसे कामाचे नाहीत, असं त्यांचं मत होतं. लेखी प्रश्न पुस्तकावर असतो आणि तोंडी प्रश्न तू नुकत्याच बोललेल्या वाक्यावर. म्हणून संभाव्य प्रश्न गोषवाऱ्यातून काढायचे, तेही त्यात काय नाही ते बघून. माझ्या पाच वाक्यांतून सुधाकरचा मित्र रामलाल आणि बहीण शरद गळले होते. भगीरथ गळला होता. तळीराम एका शब्दापुरता उरला होता आणि त्याचं दारुड्यांचं आर्य मदिरा मंडळ तर पुरतं वाहून गेलं होतं. बाई म्हणाल्या, "परीक्षक हुशार असला तर नेमकं तिथं बोट ठेवेल. एवढी माणसं काढूनही नाटक सांगता येतं, तर गडकऱ्यांनी ती आणली कशाला?"

भगीरथावर मी दोन दिवस अडले होते. तोही पितो, प्रेमभंगाने. पण रामलालच्या संगतीत तो बाहेर पडतो. म्हणजे नाटकाच्या आतच दारू सुटण्याचा पुरावा आहे. मग सुधाकरची का सुटत नाही? इथं चौथं वाक्य उपयोगाला आलं. भगीरथाला सावरायला कुणीतरी काम आणि माणसं देतं. सुधाकर स्वतः कामाच्या शोधात निघतो आणि अपमान घेऊन परततो. सुरुवातीला ज्या जखमेवर प्याला लावला होता, तीच जखम पुन्हा उघडते. कार्डामागे मी एवढंच लिहिलं: 'भगीरथ सुटतो, सुधाकर नाही. का? अंक चौथा पाहा.' उत्तर लिहायचं नाही, हा बाईंचा नियम होता. लिहिलेलं उत्तर पाठ होतं आणि पाठ झालेलं उत्तर उपप्रश्न आला की कोसळतं. पुरावा नाटकात कुठं आहे, ती जागा तेवढी लिहायची. आमच्या वर्गातल्या एकीने सुधाकरची लांबलचक स्वगतं पाठ केली होती आणि म्हणायचीही झकास. बाहेरच्या परीक्षकांनी तिला तिसऱ्या ओळीला थांबवून 'याचा अर्थ?' विचारलं, तेव्हा ती परत पहिल्या ओळीवर गेली.

सरावासाठी घरी ऐकणारं कुणी नव्हतं. आई स्वयंपाकात, भावाला क्रिकेट. शेजारच्या गुजराती मासींनी ते काम केलं. त्यांना मराठी कळायचं, साहित्याशी देणंघेणं नव्हतं, आणि कंटाळा आला की त्या सरळ मध्ये बोलायच्या. परीक्षक तरी दुसरं काय करतो? मी कार्ड न बघता दोन मिनिटं बोलायची. तिसऱ्या वाक्याला त्यांनी भाजी निवडता निवडता विचारलं, "पण भाऊ न्यायला आला होता ना? मग ती पियर का नाही गेली?" मी 'पातिव्रत्य' म्हणाले. त्यांचं समाधान झालं नाही. "ते तर सगळ्याच म्हणतात. ही का नाही गेली?" 'कशि या त्यजू पदाला' हे पद मला येत होतं, पण मासींच्या प्रश्नाला ते पुरेना. रात्री तो प्रवेश पुन्हा वाचला. सिंधूचा हट्टही मानाचाच आहे, फक्त तो मान तिचा नसून नवऱ्याचा आहे, असं मला वाटलं. समीक्षेत तसं कुणी म्हटलंय का, ठाऊक नाही, पण माझ्याकडे त्याला जागा दाखवता येत होती. कार्डामागे 'मासींचा प्रश्न' अशी नोंद झाली.

सगळी पुस्तकं असं ऐकत नाहीत. केशवसुतांची 'झपूर्झा' मी मोठ्या ऐटीत पाच वाक्यांत बसवून नेली. 'हर्ष आणि खेद या पलीकडची अवस्था कवी वर्णन करतो' वगैरे. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "खरं आहे सगळं. कविता मात्र वारली." कवितेच्या कार्डावर गोषवारा नकोच, असं ठरलं. त्याऐवजी जिथं कविता वळते तिथले शब्द तेवढे लिहायचे. माझ्या कार्डावर 'ज्ञाताच्या कुंपणावरून' आणि 'सनदी' हे दोनच उरले. नांगरल्याविना पडलेल्या भुईचा सनदी शेतकरी हजारांतून एखादा, असं केशवसुत म्हणतात. सुधाकरचीही सनदच गेली होती! दोन कार्डं शेजारी ठेवल्यावर हे जुळलं आणि मला फार गंमत वाटली. परीक्षेत ते सांगायची संधी आली नाही, म्हणून इथं सांगून घेते.

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "कोणतं पुस्तक घेऊ या?" मी 'एकच प्याला' म्हणाले. गोषवारा दीड मिनिटात झाला, त्यांनी थांबवलं नाही. मग प्रश्न आला, तळीराम विनोदासाठी आहे का? तो कार्डामागे होताच. मी म्हणाले, मंडळाचे प्रवेश हसवतात खरे, पण त्या हसण्यातच प्याला आपल्याला परका वाटेनासा होतो, म्हणजे तळीराम सुधाकरला फसवतो तसा थोडा आपल्यालाही फसवतो. त्यांनी मान हलवली. भगीरथ आला, सिंधूचं माहेर आलं. मासींच्या प्रश्नावर तर मी चक्क रंगात आले.

मग ते खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "बडोद्याच्या ना तुम्ही? 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग कुठं झाला?"

मी पुणे म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवल्यावर मुंबई म्हणाले. आमचे सर खाली बघायला लागले, तेव्हा मला संशय आला, पण तोवर उशीर झाला होता.

गडकरी नवसारीत जन्मले, म्हणजे बडोदे संस्थानातच. २३ जानेवारी १९१९ ला ते सावनेरला वारले. नाटकातली पदं लिहायची राहिली होती, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. आणि महिनाही उलटला नव्हता तेव्हा गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग इथं, बडोद्यात केला. सिंधू बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस. यातलं निम्मं माझ्या त्या चौदा पानी टिपणांत होतं. 'आटवताना' मी ते उतू घालवलं होतं.

संध्याकाळी बाईंना सांगितलं तर त्या एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. नंतर माझ्याकडून कार्ड मागून घेतलं. पत्त्याच्या बाजूला, जिथं गावाचं नाव लिहितात त्या ओळीवर, लाल पेन्सिलीने लिहिलं: 'बडोदे, २० फेब्रुवारी १९१९'.

ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. टाकलं कधीच नाही, त्यामुळे पोहोचायचा प्रश्न नाही. पेन्सिल थोडी पुसट झाली आहे.