मधल्या पानावरून जाऊन परत तिथेच येणं : स्लाइड झूम आणि सेक्शन झूमचा माझा अनुभव

आमच्या संस्थेच्या वार्षिक बैठकीत कामाचा आढावा मांडायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. मागच्या बैठकीत मी दहाव्या स्लाइडवर असताना एका सभासदांनी जमाखर्चाचा प्रश्न विचारला. उत्तर चौथ्या स्लाइडवर होतं. मागचं बटण दाबत दाबत मी चौथीवर गेले, उत्तर दिलं आणि मग तशीच एकेक स्लाइड पुढे ढकलत पुन्हा दहावीवर आले. दोन्ही वेळा सगळ्या अॅनिमेशनसकट सगळं पुन्हा पडद्यावरून गेलं. लोक गप्प बसले होते, पण मधला धागा तुटला तो तुटलाच.

या वर्षी ठरवलं की सुरुवातीला एक सारांशाचं पान ठेवायचं. त्यावर तीन चित्रं, तीन भागांची. सभासद ज्या भागाबद्दल विचारतील तो आधी उघडायचा, तो संपला की आपोआप सारांशावर परत यायचं. पॉवरपॉइंटमध्ये झूम नावाची सोय यासाठीच आहे एवढं मला ऐकून माहीत होतं.

माझ्या सतरा स्लाइड अशा होत्या : पहिली शीर्षकाची, दुसरी सारांशाची, ३ ते ६ जमाखर्च, ७ ते १२ झालेली कामं, १३ ते १६ पुढच्या वर्षाचं नियोजन आणि १७ वी आभाराची. हे आकडे लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचं कारण यांतच दडलेलं आहे.

झूम टाकायची सगळ्यांत सोपी रीत म्हणजे डावीकडच्या पट्टीतली छोटी स्लाइड माउसने ओढून मोठ्या स्लाइडवर सोडणं. मी तेच केलं. दुसरी स्लाइड उघडी ठेवली आणि तिसरी, सातवी आणि तेरावी अशा तीन भागांच्या पहिल्या स्लाइड ओढून तिच्यावर आणल्या. त्यांची छोटी चित्रं तयार झाली, ती एका ओळीत लावली. F5 दाबून जमाखर्चाच्या चित्रावर क्लिक केलं, तर ते चित्र मोठं होत होत पूर्ण पडदाभर पसरलं. फार छान वाटलं. मग पुढचं बटण : चार, पाच, सहा. आता परत येईल म्हणून पुन्हा दाबलं, तर सातवी स्लाइड आली. आठवी आली. सारांश काही आला नाही.

शो बंद करून चित्रावर क्लिक केलं. वरती रिबनवर `Zoom` नावाचा टॅब उघडला आणि त्यात `Return to Zoom` ही चौकट रिकामी दिसली. सापडलं असं वाटलं. तिन्ही चित्रांना ती खूण केली, पुन्हा F5. जमाखर्चावर क्लिक, तिसरी स्लाइड आली. पुढचं बटण दाबलं आणि थेट सारांश! चार, पाच, सहा दिसल्याच नाहीत.

म्हणजे खूण नसेल तर परतच येत नाही, आणि खूण असेल तर पहिल्याच स्लाइडवरून परत येतं. बराच वेळ मी ती खूण काढत आणि लावत बसले. शेवटी सोबत काम करणाऱ्या ताईंना दाखवलं. त्यांनी एकदाच चित्रावर क्लिक केलं आणि म्हणाल्या, "अगं, हे स्लाइड झूम आहे. त्याला एकच स्लाइड माहीत असते. तुला भाग उघडायचाय ना? मग सेक्शन झूम टाक."

सगळं याच फरकात आहे. स्लाइड झूम म्हणजे एका स्लाइडकडे जाणारी वाट. ती स्लाइड संपली की दोनच गोष्टी होऊ शकतात : `Return to Zoom` असेल तर तिथूनच मागे, नसेल तर तिच्या लगतची पुढची स्लाइड आणि मग तशीच पुढे. कुठे थांबायचं हे सांगायला त्याच्याकडे जागाच नाही. सेक्शन झूमला मात्र भागाची सुरुवात आणि शेवट दोन्ही कळतात, म्हणून शेवटच्या स्लाइडनंतर तो मागे फिरू शकतो. पण त्यासाठी आधी प्रेझेंटेशनमध्ये सेक्शन असायला हवेत, आणि माझ्यात एकही नव्हता. भाग माझ्या डोक्यात होते, फाइलमध्ये नव्हते.

मग नीट पहिल्यापासून केलं. डावीकडच्या पट्टीत तिसऱ्या स्लाइडवर उजवं क्लिक, `Add Section`, नाव "जमाखर्च". सातवीवर तसंच, नाव "झालेली कामं". तेरावीवर "नियोजन". पहिल्या दोन स्लाइड आपोआप वेगळ्या सेक्शनमध्ये गेल्या. मग दुसऱ्या स्लाइडवरची जुनी तिन्ही चित्रं पुसून टाकली आणि `Insert` टॅबवर `Zoom`, त्यात `Section Zoom`. सेक्शनची यादी असलेली खिडकी उघडली, हवे ते तीन निवडले आणि `Insert` दाबलं. तीन चित्रं एकावर एक पडली, ती वेगळी करून जागेवर लावली. `Return to Zoom` ची खूण इथे आधीपासूनच होती, हात लावावा लागला नाही.

`Insert` टॅबवरच्या `Zoom` मध्ये `Summary Zoom` हाही पर्याय आहे. तो सारांशाची नवी स्लाइड स्वतःच बनवतो, आणि सेक्शन नसतील तर तुम्ही निवडलेल्या प्रत्येक स्लाइडपासून सेक्शनही पाडून देतो. कोरं प्रेझेंटेशन असेल तर मी तोच घेईन. माझं सारांशाचं पान आधीच मांडून झालेलं होतं, म्हणून मी एकेक सेक्शन झूम टाकला.

F5. जमाखर्च : तीन, चार, पाच, सहा, आणि सारांश. झालेली कामं : सात ते बारा, आणि सारांश. नियोजन : तेरा, चौदा, पंधरा, सोळा, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आभार. त्यानंतर सारांश.

हे लगेच लक्षात आलं म्हणून बरं. सेक्शन कुठे संपतो हे पॉवरपॉइंटला कसं कळतं? पुढचा सेक्शन जिथे सुरू होतो तिथे. नियोजनानंतर नवा सेक्शनच नव्हता, म्हणून सतरावी स्लाइडही नियोजनात मोजली गेली. मी चाचणी क्रमाने घेतली म्हणून ती शेवटी दिसली. बैठकीत कुणी नियोजन आधी विचारलं असतं, तर दहाव्या मिनिटाला आभार मानून मी पुन्हा जमाखर्चाकडे वळले असते. सतरावीवर उजवं क्लिक करून "समारोप" असा आणखी एक सेक्शन पाडला आणि प्रश्न मिटला.

तेव्हापासून मी एक गोष्ट नेहमी तपासते. डावीकडच्या पट्टीत सेक्शनच्या नावाजवळचा छोटा बाण दाबून सगळे सेक्शन मिटवायचे. मग प्रत्येक नावापुढे त्यातल्या स्लाइडची संख्या दिसते. माझ्या बाबतीत २, ४, ६, ४ आणि १ असं हवं. नंतर मी कामांमध्ये एक छायाचित्रांची स्लाइड वाढवली तेव्हा तिथे ७ दिसायला हवे होते, पण दिसले ६ आणि नियोजनात ५. नवी स्लाइड सीमेच्या पलीकडे पडली होती. ओढून वर नेली की झालं, झूमला काही करावं लागलं नाही. सेक्शनमध्ये जे असेल ते तो दाखवतो.

आता समारोपाकडे जायचं कसं? इथे मात्र स्लाइड झूमच बरोबर बसतो. आभाराची स्लाइड ओढून सारांशाच्या कोपऱ्यात छोटी करून ठेवली आणि तिला `Return to Zoom` ची खूण केली नाही. तिच्यावर गेलं की पुढे काही नाही, शो संपतो. याच्या उलट, खर्चाचा एक मोठा तक्ता मी मुख्य ओघातून काढला होता, कुणी विचारलं तरच दाखवायचा म्हणून. तो एका स्लाइडचाच असल्यामुळे त्यालाही सारांशावरून स्लाइड झूम, पण परतीच्या खुणेसह. तक्ता दाखवला, एकदा पुढचं बटण दाबलं, सारांशावर परत. एकाच स्लाइडसाठी ती खूण अगदी चोख काम करते. मी सुरुवातीला चार स्लाइडच्या भागाकडून ते काम मागत होते.

चित्रांबद्दल एवढंच सांगते की सेक्शन झूमवर पहिल्या स्लाइडचं लहान रूप दिसतं आणि मागच्या रांगेतून त्यातलं काही वाचता येत नाही. `Change Image` वापरून दुसरं चित्र लावता येतं, पण मग पहिली स्लाइड बदलली तरी ते चित्र बदलत नाही. मी त्यापेक्षा प्रत्येक भागाच्या पहिल्या स्लाइडवर फक्त भागाचं नाव ठेवलं, मोठ्या अक्षरांत. लहान रूपातही ते वाचता येतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी सभागृहातल्या संगणकावर फाइल उघडून पाहिली. सारांशावर चित्रं होती, क्लिक केल्यावर तिसरी स्लाइडही आली, पण चित्र पसरण्याची हालचाल नव्हती आणि सहावीनंतर सातवी आली. तिथलं पॉवरपॉइंट जुनं होतं. झूम करायची सोय २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे. त्याआधीच्या आवृत्तीत ते चित्र साधी लिंक म्हणून चालतं, आणि लिंकला परतीचा रस्ता नसतो. म्हणूनच नुसतं "क्लिक केल्यावर जातंय" एवढं पाहून थांबू नये. भागाच्या शेवटापर्यंत जाऊन तो परत येतो का ते पाहावं.

माझा लॅपटॉप तिथे जोडता येत होता, म्हणून मी तोच नेला. तरी एक प्रत जुन्या पद्धतीनेही करून ठेवली, कारण तीही आपोआप परत आणते. `Slide Show` टॅबवरच्या `Custom Slide Show` मध्ये तीन वेगळे शो बनवले, प्रत्येकात त्या त्या भागाच्या स्लाइड. मग सारांशावर तीन चौकोन काढून प्रत्येकाला `Link` दिली : `Place in This Document`, त्यात `Custom Shows`, आणि खालची `Show and return` ही खूण. यात पसरण्याची हालचाल नाही, आणि स्लाइड वाढवली तर त्या शोमध्ये ती हाताने घालावी लागते. पण जुन्या संगणकावर हे चाललं.

आणखी एक तयारी अशी की भाग अर्धा असताना बाहेर यायचं झालं तर 2 दाबून Enter करायचं. सारांशाची स्लाइड दुसरी आहे, म्हणून थेट तिथे. तो आकडा मी कागदावर मोठा लिहून टेबलावर ठेवला होता.

बैठकीत पहिलाच प्रश्न नियोजनाचा आला. त्या भागाच्या स्लाइड दाखवल्या, सारांश आला. मग जमाखर्च, त्यातच कुणी तक्ता मागितला. सहावी संपून सारांशावर आले, कोपऱ्यातला तक्ता उघडला, परत आले. कामांचा भाग सगळ्यांत शेवटी झाला. त्यानंतर खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या चित्रावर क्लिक केलं आणि आभाराची स्लाइड पडदाभर पसरली.