रुपयांचा रकाना रिकामा ठेवून काढलेली अर्न्ड व्हॅल्यू

चौथा स्प्रिंट संपला त्या दिवशी ग्राहकाकडून मेल आला: यापुढे दर महिन्याच्या अहवालात अर्न्ड व्हॅल्यू हवी. सोबत एक तक्ता होता आणि त्यातले सगळे रकाने पैशांचे. आमच्या टीमला पैशांचे आकडे कधी दिसतच नाहीत. पगार एचआरकडे, बिलिंग अकाउंट्सकडे. आमच्या हातात काय, तर स्टोरी पॉइंट आणि स्प्रिंट.

मी आमच्या सीनियर मॅडमकडे गेलो. त्यांनी पूर्वी बांधकामाच्या प्रकल्पांवर अर्न्ड व्हॅल्यू केली होती. त्या म्हणाल्या, "अरे, पैसा हे फक्त माप आहे. ठरवलेलं किती आणि झालेलं किती, हे एकाच मापात मोजता आलं की झालं. तुमच्याकडे पॉइंट आहेत ना?" स्क्रमसाठी अशी पद्धत २००६ सालीच अजाइलईव्हीएम या नावाने मांडली गेली होती, हे मला नंतर कळलं.

आमची योजना होती १० स्प्रिंट आणि २०० पॉइंट. म्हणजे चार स्प्रिंटनंतर ४० टक्के, अर्थात ८० पॉइंट व्हायला हवे होते. ही झाली प्लॅन्ड व्हॅल्यू. प्रत्यक्षात पूर्ण झालेले पॉइंट ही अर्न्ड व्हॅल्यू. दुसरीला पहिलीने भागलं की शेड्यूल परफॉर्मन्स इंडेक्स, म्हणजे एसपीआय. एकापेक्षा कमी आला तर आपण मागे आहोत.

मी पहिल्या फटक्यात ७६ पॉइंट धरले आणि ०.९५ काढून खूश झालो. मॅडमनी यादी उघडली आणि एका १३ पॉइंटच्या स्टोरीवर बोट ठेवलं. "ही डेमोमध्ये दाखवली?" नव्हती दाखवली. कोड लिहून झाला होता, टेस्टिंग अर्धवट होतं, म्हणून मी तिचे ८ पॉइंट आपले अंदाजाने टाकले होते. त्यांनी ते खोडले. स्टोरी पूर्ण तर सगळे पॉइंट, नाहीतर शून्य. मला तेव्हा हे जाचक वाटलं. पण ती स्टोरी पुढचा अख्खा स्प्रिंट रेंगाळली, आणि 'जवळजवळ झालं' याला काही किंमत नसते हे पटलं. खरी अर्न्ड व्हॅल्यू ६८, आणि एसपीआय ०.८५.

आता खरी गंमत. याच दरम्यान ग्राहकाने बॅकलॉगमध्ये ४० पॉइंटची नवी कामं घातली होती, आणि ती मी हिशेबात धरलीच नव्हती. एकूण पॉइंट २४० झाले. ६८ भागिले २४० म्हणजे २८ टक्क्यांच्या आसपास, तर योजनेप्रमाणे हवे होते ४०. एसपीआय थेट ०.७१ वर. टीममधल्या एकाने वैतागून विचारलं, "आम्ही काल होतो तेवढेच आज आहोत, मग आकडा का पडला?" प्रश्न रास्त होता. या एका आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या: आमचा संथपणा आणि वाढलेलं काम.

म्हणून मी अहवालात दोन ओळी केल्या. जुन्या २०० पॉइंटवर ०.८५, नव्या २४० वर ०.७१. पहिली ओळ आमची, दुसऱ्या ओळीतली जास्तीची घसरण कामाच्या वाढीची. बैठकीत ग्राहकाने वाढीव कामासाठी दोन स्प्रिंट मान्य केले आणि आम्ही बेसलाइन बदलली: १२ स्प्रिंट, २४० पॉइंट. चार स्प्रिंटची प्लॅन्ड व्हॅल्यू पुन्हा ८०, एसपीआय पुन्हा ०.८५. पण शेवटाचा अंदाज हलला नाही. जुन्या योजनेने १० भागिले ०.७१, नव्या योजनेने १२ भागिले ०.८५, दोन्हीकडे उत्तर चौदाच्या किंचित वर. सरळ २४० ला आमच्या सरासरी १७ च्या व्हेलॉसिटीने भागलं तरी तेच येतं. बेसलाइन बदलून इंडेक्स सुधारतो, तारीख नाही, हे मी बैठकीत दोनदा सांगितलं. तरी 'सुधारणा' हा शब्द इतिवृत्तात आलाच.

खर्चाची बाजू राहिली होती. पैसे नकोत म्हणून पर्सन-डे घेतले. सहा माणसं, स्प्रिंटचे दहा कामाचे दिवस, म्हणजे ६० पर्सन-डे. योजनेप्रमाणे २० पॉइंटला ६०, म्हणून एका पॉइंटला ३. चार स्प्रिंटमध्ये कमावलेले ६८ गुणिले ३ म्हणजे २०४, आणि वापरलेले २४०. कॉस्ट परफॉर्मन्स इंडेक्स ०.८५. हुबेहूब एसपीआयच! मला वाटलं, माझं सूत्र चुकलं. चुकलं नव्हतं. टीम ठरलेली आणि स्प्रिंट ठरलेला असला की वेळ आणि खर्च एकाच गतीने सरकतात, मग दोन इंडेक्स वेगळे येणार कसे? ते वेगळे येतात फक्त माणसं कमीजास्त झाली किंवा ओव्हरटाइम झाला तर. मग आठवलं, चौथ्या स्प्रिंटमध्ये दुसऱ्या टीममधून दोघांना आणलं होतं. त्यांचे २० दिवस मी धरलेच नव्हते. २०४ भागिले २६०, म्हणजे ०.७८. इथे मात्र हा दुसरा इंडेक्स पहिल्यापेक्षा जास्त बोलला: दोन माणसं जास्तीची आणूनही वेग वाढलेला नव्हता.

सहाव्या स्प्रिंटला २२ पॉइंट झाले आणि सगळे सुखावले. मला शंका आली, कारण पूर्ण झालेल्या स्टोऱ्या नेहमीसारख्या पाचच होत्या. बघतो तर प्लॅनिंगमध्ये स्टोरी घेताना तिचे पॉइंट नव्याने वाढवले जात होते, तीनाचे पाच, पाचाचे आठ. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. इंडेक्स दर महिन्याला अहवालात जातोय हे माहीत असलं की हात आपोआप सैल सुटतो. घोटाळा असा, की वरच्या संख्येत नवे पॉइंट येत होते आणि खालचे २४० जुन्याच अंदाजाचे होते. बेसलाइनच्या पॉइंटने मोजलं तर तेच १७. तेव्हापासून अहवालात बेसलाइनचेच पॉइंट धरायचे ठरलं. प्लॅनिंगसाठी टीमने हवे ते आकडे वापरावेत.

बारावा स्प्रिंट संपला तेव्हा २०४ पॉइंट झाले होते, एसपीआय तोच ०.८५. यानंतर प्लॅन्ड व्हॅल्यू वाढत नाही, ती २४० वर थांबते. तेराव्या स्प्रिंटला २२१ पॉइंट, एसपीआय ०.९२. चौदाव्याला २३८, ०.९९. वेग तसूभरही बदललेला नव्हता, तरी ग्राहकाचा मेल आला: शेवटच्या टप्प्यात टीमने छान जोर लावला. मी उत्तरात उरलेल्या २ पॉइंटची स्टोरी आणि पंधराव्या स्प्रिंटची तारीख कळवली, आणि एसपीआयचा रकाना त्या महिन्यापासून रिकामा ठेवला.