डायनॅमोची शक्ती मोजताना माझा आकडा कुठे चुकला

विज्ञान प्रदर्शनासाठी मी हाताने फिरवायचा डायनॅमो केला होता. छोटी डीसी मोटर, तिला दातेरी चाकं, चाकांना हँडल. हँडल फिरवलं की चार पांढरे एलईडी पेटायचे. चारही समांतर जोडलेले आणि प्रत्येकासोबत १०० ओहमचा एक रेझिस्टर. हँडल उलटं फिरवलं तर एकही पेटत नसे, कारण एलईडीतून करंट एकाच दिशेने जातो. इथवर सगळं सुरळीत होतं. अडलं ते अहवाल लिहिताना.

शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, एवढं पाठ होतं. मोकळ्या डायनॅमोला मल्टिमीटर लावून हँडल फिरवलं, ६.५ व्होल्ट आले. मग एलईडी जोडले, मीटर करंटवर घेऊन सर्किटमध्ये ओवला, ६० मिलिअँपिअर आले. गुणाकार ०.३९ वॅट. वहीत लिहून मोकळा झालो. सरांनी पान पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हे दोन आकडे एकाच वेळचे आहेत का?"

नव्हते. म्हणून दुसरा मल्टिमीटर मागून आणला. एक करंटसाठी मालिकेत, दुसरा डायनॅमोच्या दोन टोकांवर. पण फिरवताना दोन्ही पडद्यांवरचे आकडे सारखे नाचत होते, एक वाचेपर्यंत दुसरा बदलायचा. मग दोन्ही मीटर एकाच चौकटीत येतील असा मोबाइल ठेवून व्हिडिओ काढला आणि दर दोन सेकंदांनी थांबवून आकडे उतरवले. सरासरी निघाली ४.५ व्होल्ट आणि ६० मिलिअँपिअर, म्हणजे ०.२७ वॅट. आधीचा आकडा जवळजवळ दीडपट फुगलेला होता.

मधले दोन व्होल्ट गेले कुठे, हे शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि माझ्या मते अहवालातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. मोटरच्या गुंडाळीचा रोध मोजला तर २० ओहम भरला. त्यातून ०.०६ अँपिअर वाहिला की १.२ व्होल्ट आतच खर्च होतात. उरले ०.८. त्याचं उत्तर माझ्या हातात होतं. एलईडी जोडले की हँडल जड लागतं आणि नकळत वेग उतरतो. मोकळं फिरवत असताना मित्राला फेरे मोजायला लावले, तर अर्ध्या मिनिटात ३४ झाले. एलईडी पेटलेले असताना ३० झाले.

मग मेट्रोनोम लावला, मिनिटाला ६० ठोके आणि प्रत्येक ठोक्याला हँडल वर. आता मोकळ्या डायनॅमोचं व्होल्टेज आलं ५.७. त्यातून गुंडाळीचे १.२ वजा केले की बरोबर ४.५! तो हिशेब जुळला तेव्हा पहिल्यांदा माझ्या मोजमापावर माझाच विश्वास बसला.

पण ०.२७ वॅटही पूर्ण उजेडासाठी जात नाहीत. एलईडीच्या दोन पायांवर व्होल्टेज घेतलं तर फक्त ३ व्होल्ट होतं. म्हणजे चार एलईडींना मिळून ०.१८ वॅट, आणि बाकीचे ०.०९ रेझिस्टर तापवण्यात. मात्र रेझिस्टर काढून टाकणं परवडत नाही. हाताचा वेग जरा वाढला की एलईडीतला करंट एकदम चढतो, त्याला आवर रेझिस्टरच घालतो.

ते वेग बदलून पाहिल्यावर पटलं. मिनिटाला ४५ फेऱ्यांना एकूण ०.११ वॅट, ६० ला ०.२७, ७० ला ०.४०. वेग एक षष्ठांशाने वाढला आणि शक्ती जवळपास दीडपट झाली. एलईडींच्या जागी नुसता रेझिस्टर असता तर शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १.३६ पटच वाढली असती. एलईडी मात्र तीनेक व्होल्ट गाठेपर्यंत जवळजवळ काहीच घेत नाही. त्यानंतर त्याचं व्होल्टेज जेमतेम सरकतं आणि वाढ सगळी करंटमध्ये दिसते. ३० फेऱ्यांना तर एलईडी जेमतेम मिणमिणत होते, खोलीत अंधार केला तेव्हा दिसले. ७० च्या पुढे मी गेलो नाही, कारण तिथेच प्रत्येक एलईडीतून त्याच्या मर्यादेइतका, २० मिलिअँपिअर करंट जात होता.

हँडलवर हाताने किती शक्ती लावली ते मात्र मोजलं नाही, म्हणून कार्यक्षमतेचा रकाना अहवालात ठेवलाच नाही.

प्रदर्शनात एलईडींच्या वाटेवर एक साधं बटण बसवलं. बघायला येणाऱ्याने हँडल फिरवायचं आणि मी मध्येच बटण दाबायचं. दिवे लागताच त्यांचा हात अडखळायचा. मग मी तक्त्यावरच्या ६.५ आणि ४.५ या दोन आकड्यांकडे बोट दाखवायचो.