तुम्ही विचारलंत म्हणून: किडचे दोन पास

"काका, राजाचा परवाना असलेला आणि नसलेला, दोघंही जहाजच लुटणार. मग एक सरकारी माणूस आणि दुसरा समुद्री चाचा म्हणून फासावर, हे कसं काय? आणि शेवटी हे बंद कुणी पाडलं?"

बडोद्यातल्या सूरसागरला दोन फेऱ्या मारून शेव-उसळीच्या गाडीपाशी आलो की कुणीतरी हे काढतंच. माझ्यावर येतं ते मी इतिहासाचा माणूस आहे म्हणून नाही. दांडिया बाजारातल्या घरातून निघून तीस वर्षं मी समुद्री विम्याच्या दाव्यांच्या फायली तपासल्या, म्हणून. त्या कामात एक गोष्ट अंगात मुरते: घडलं काय याच्याइतकंच महत्त्व त्यानंतर कोणता कागद कुठे गेला याला असतं. एकदा भिजलेल्या मालाची फाईल मी "उद्या बघू" म्हणून बाजूला ठेवली. जहाजवाल्यावर दावा लावायची मुदत एक वर्षाची असते, ती उलटून गेली. माल खरोखर भिजला होता, चूक जहाजवाल्याचीच होती, पण वसुली शून्य. साहेबांनी काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

समुद्रावरच्या लुटीचं नेमकं असंच होतं. परवानेवाला खाजगी लढवय्या, ज्याला इंग्रजीत प्रायव्हटिअर म्हणतात, आणि चाचा हे दोघं पाण्यावर करायचे ते काम एकच. तोफ डागायची, शिडं उतरवायला लावायची, दोर टाकून वर चढायचं. फरक त्याच्या आधी आणि नंतर.

आधी राजाचा परवाना हवा. त्यात कप्तानाचं नाव, जहाजाचं नाव आणि कोणत्या शत्रूला पकडायचं ते लिहिलेलं असे. मर्यादा ओलांडू नये म्हणून जामीनही द्यावा लागे. मग पकडलेलं जहाज खरंच त्या शत्रूचं हवं. आणि तिसरी गोष्ट लोकांना माहीत नसते: माल तिथल्या तिथे वाटून घ्यायचा नाही. जहाज, माल, कागदपत्रं सगळं बंदरात आणून प्राइझ कोर्टापुढे ठेवायचं. न्यायाधीश जहाजावरचे कागद वाचणार, खलाशांचे जबाब घेणार, एखादा तटस्थ व्यापारी "यातल्या गाठी माझ्या" म्हणत आला तर त्याचंही ऐकणार. मग "हा शत्रूचा माल, जप्त" असा निकाल झाला की विक्री, त्यातून नौखात्याचा हिस्सा, आणि उरलेलं मालक, कप्तान, खलाशी यांच्यात. निकालाआधी गाठ फोडली की परवाना असूनही तुमचा पाय घसरला.

हे कसं घसरतं ते कॅप्टन विल्यम किडच्या प्रकरणात दिसतं, आणि त्याचा एक धागा आपल्या शेजारच्या सुरतेला बांधलेला आहे.

1696 मध्ये किड लंडनहून निघाला तेव्हा त्याच्याकडे एक नाही, दोन परवाने होते: एक फ्रेंच जहाजं पकडायचा, दुसरा चाच्यांनाच पकडायचा. पैसा घालणारे इंग्लंडचे बडे लॉर्ड होते, त्यांत खुद्द नौखात्याचा प्रमुखही. जहाज 'अ‍ॅडव्हेंचर गॅली', 34 तोफांचं. पण खलाशांशी करार "लूट नाही तर पगार नाही" असा. माझ्या मते घोळाचं मूळ इथेच आहे. दीड वर्ष समुद्रावर काढून हातात काही पडलं नाही तर अशी माणसं कप्तानाला काय म्हणतील? विल्यम मूर नावाचा तोफेवरचा गोलंदाज बोललाच. किडने रागाच्या भरात लोखंडी कड्या असलेली बादली त्याच्या डोक्यात घातली, आणि दुसऱ्या दिवशी मूर मेला.

30 जानेवारी 1698 ला मलबार किनाऱ्यापाशी त्याला 'केदा मर्चंट' दिसलं. आर्मेनियन व्यापाऱ्यांनी भाड्याने घेतलेलं, सुमारे 400 टनांचं जहाज, बंगालहून सुरतेकडे निघालेलं. रेशीम, मलमल, साखर, अफू, लोखंड, सोरा असा माल, आणि त्यात मोगल दरबारातल्या एका बड्या अमीराचाही. किडने फ्रेंच निशाण चढवलं. ही त्या काळची नेहमीची युक्ती होती आणि त्यात बेकायदा काही नव्हतं. त्या काळी हुशार व्यापारी दोन-तीन देशांचे पास, म्हणजे जहाजाला त्या देशाचं संरक्षण असल्याचे कागद, जवळ बाळगत आणि समोर जे निशाण दिसेल त्याचा पास काढत. 'केदा मर्चंट'वरूनही तेच झालं. एका वयस्क फ्रेंच गोलंदाजाला कप्तान म्हणून फ्रेंच पास देऊन किडकडे पाठवलं. पास हातात पडताच किडने फ्रेंच निशाण उतरवून इंग्रज निशाण चढवलं: फ्रेंच पास म्हणजे फ्रेंच जहाज, आता हे माझं. गंमत अशी की जहाजाचा खरा कप्तान राइट नावाचा इंग्रजच निघाला.

इथपर्यंत किडची बाजू अगदीच पोकळ नव्हती. याआधी पकडलेल्या एका छोट्या जहाजावरही त्याला फ्रेंच पासच मिळाला होता. दोन्ही पास त्याने जपून ठेवले, कारण बचावाला तेच लागणार हे त्याला कळत होतं.

पण मग त्याने मालाचं काय केलं? बराचसा माल मलबारच्याच किनाऱ्यावर व्यापाऱ्यांना विकून टाकला, आलेल्या पैशाची वाटणी केली, आणि मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटाकडे, चाच्यांच्याच अड्ड्यावर, गेला. तिथे त्याचे बहुतेक खलाशी एका खऱ्या चाच्याला जाऊन मिळाले. न्यायालय नाही, निकाल नाही, सरकारी हिस्सा नाही. दावे तपासणारा माणूस म्हणून सांगतो, ही फाईल माझ्या टेबलावर आली असती तर परवाना आणि शत्रूचं जहाज या पहिल्या दोन रकान्यांत मी थोडा वेळ थांबलो असतो. न्यायालयाच्या तिसऱ्यात थांबायचं काही कारणच नव्हतं.

1699 मध्ये किडला बॉस्टनला अटक झाली. अटक करणारा गव्हर्नर बेलोमाँट त्याच्याच भागीदारांपैकी एक! किडने पास त्याच्या हवाली केले, त्याने ते लंडनला पाठवले. मे 1701 मध्ये खटला उभा राहिला, मूरच्या खुनाचा एक आरोप आणि चाचेगिरीचे पाच. किड सारखा म्हणत राहिला, माझे फ्रेंच पास आणा. पास काही सापडले नाहीत. 23 मे ला थेम्सकाठी वॅपिंगला त्याला फाशी दिली. पहिल्या वेळी दोर तुटून तो खाली चिखलात पडला, मग पुन्हा चढवला.

आता दुसरा प्रश्न. इंग्लंडला चाच्यांची एकाएकी एवढी काळजी का वाटू लागली? 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' हे जहाज लुटलं, त्यावर हजहून परतणारे यात्रेकरू होते. सुरतेतल्या इंग्रजांना तेव्हा कोंडून ठेवलं गेलं. त्यात 'केदा मर्चंट'ची बातमी आली. मोगलांना परवाना आणि चाचा यांतला बारकावा ऐकायचा नव्हता: टोपीवाल्यांनी लुटलं, टोपीवाल्यांनी भरा. वखार बंद पडायची पाळी आली तेव्हा लंडनला जाग आली.

आणि गंमत बघा, नौदल लगेच कामाला येत नव्हतं. समुद्र मोठा, जहाजं मोजकी. पकडलेल्या चाच्याला इंग्रजी कायद्याने चौकशीसाठी इंग्लंडला न्यावं लागे. साक्षीदारही सोबत न्यायचे, सहा-सहा महिने. मग कोण पकडतो? 1700 पासून लागू झालेल्या कायद्याने हा गाळ काढला: वसाहतीतच, सात जणांचं न्यायमंडळ बसवून, चाच्यावर खटला चालवता येऊ लागला. सोबत माफीचा हात पुढे केला. 1717 च्या शाही माफीनाम्यात ठरल्या मुदतीत हजर होणाऱ्याला अभय होतं, आणि ते घेऊन 1718 मध्ये वुड्स रॉजर्स बहामातल्या नासाऊला गेला. हा रॉजर्स स्वतः जुना प्रायव्हटिअर. बरेच जण शरण आले. जे पुन्हा वाकडे गेले त्यांच्यातल्या काहींना त्यांच्याच जुन्या साथीदारांनी धरून आणलं.

नौदल आणि नवा कायदा एकत्र कसे चालले ते 1722 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दिसतं. 'स्वॅलो' या युद्धनौकेचा कप्तान शलोनर ओगल याने बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याला केप लोपेझपाशी गाठलं. चाच्याच्या जहाजाला मधूनमधून किनाऱ्याला लावून बुडाचं शेवाळ, कालवं खरडावी लागतात, नाहीतर वेग जातो. म्हणजे त्याला आडोशाची खाडी हवीच, आणि टेहळणी तिथेच करायची. रॉबर्ट्स लढाईत मेला. त्याच्या माणसांचा खटला लंडनला न नेता आफ्रिकेच्याच किनाऱ्यावरच्या केप कोस्टच्या किल्ल्यात चालला आणि 52 जण तिथेच फासावर गेले.

"मग आमच्या कान्होजी आंग्र्यांचं काय?" हे आमच्या घोळक्यातून येणारच. आंग्रे मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतलेल्या जहाजाला रस्ता मोकळा आणि न घेतलेलं ते पकडणार. पोर्तुगीज कार्ताझ नावाचा परवाना देऊन हेच करत होते आणि त्यांना कुणी चाचे म्हणत नव्हतं. मुंबईकर इंग्रजांनी कान्होजींना चाचा म्हटलं, कारण चाचा म्हटलं की त्याच्यामागे राज्य आहे हे मान्य करावं लागत नाही. 1721 ला इंग्रज-पोर्तुगीजांनी मिळून कुलाब्यावर चढाई केली आणि हात चोळत परत गेले. 1756 ला इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हने विजयदुर्ग घेतला तो कान्होजींचे पुत्र तुळाजी यांच्या वेळी, पेशव्यांनीच हात दिला होता म्हणून. आंग्र्यांचं आरमार तिथे जळालं. हे सांगताना आमच्यातले सत्तरीचे एक गृहस्थ अजूनही पेशव्यांवर चिडतात, आणि मी त्यांना थांबवत नाही.

परवान्याची पद्धत पुढे 1856 पर्यंत टिकली. पॅरिसच्या जाहीरनाम्यात ती रद्द झाली तेव्हा मोठ्या आरमारांना खाजगी मदतीची गरज उरली नव्हती. अमेरिकेने मात्र सही केली नाही. तिचं आरमार लहान होतं.

आणि ते पास? किडच्या फाशीनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी एका अमेरिकन संशोधकाला ते लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात सापडले. किड मागत होता ते दोन्ही कागद इतर कागदांत मिसळून तिथेच पडले होते.