इस्तंबूल विमानतळावरचं किऑस्क आणि बिनटिंबाचा आय

आई आणि मी इस्तंबूलहून कायसेरीला निघालो होतो. कायसेरीहून कॅपाडोशियाला रस्त्याने जाता येतं, म्हणून देशांतर्गत विमानाचं तिकीट काढलं होतं. इस्तंबूलचा नवा विमानतळ शहरापासून बराच लांब, काळ्या समुद्राच्या बाजूला आहे. उड्डाणाच्या अडीच तास आधी पोहोचलो ते बरंच झालं, कारण तुर्कस्तानात टर्मिनलच्या दारातच सगळं सामान स्कॅनरमधून जातं. चेक-इनची मोठी बॅगसुद्धा तिथेच पट्ट्यावर चढवावी लागते आणि मग आत शिरता येतं. आत शिरल्यावर देशांतर्गत विमानांसाठी पाटीवर ‘इच हातलार’ असं लिहिलेलं शोधायचं. ‘दिश हातलार’ म्हणजे आंतरराष्ट्रीय. दोन्ही एकाच इमारतीत आहेत, त्यामुळे चुकायला सोपं जातं.

काउंटरसमोरची रांग लांब होती. बाजूला किऑस्कची ओळ होती आणि तिथे कोणी थांबलेलं नव्हतं. पडद्यावर हात लावला, भाषा इंग्रजी निवडली, बुकिंगचा सहा अक्षरांचा PNR टाकला आणि मग आडनाव. आमचं आडनाव कुलकर्णी. K, U, L, K, A, R, N नीट सापडली. शेवटच्या अक्षरासाठी कीबोर्ड पाहिला, तर त्यावर Ş, Ğ, Ü अशी तुर्की अक्षरं होती. पडद्यावरचा मजकूर इंग्रजी झाला होता, पण कीबोर्ड तुर्कीच राहिला होता. L च्या पलीकडे Ş आणि त्याला लागून İ दिसलं, ते दाबलं. बुकिंग सापडत नाही, असं उत्तर आलं. PNR चुकला असेल म्हणून तो पुन्हा टाकला, शून्य आणि ओ यांचा घोटाळा नाही ना तेही पाहिलं. पुन्हा तेच.

आईच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली होती. तेवढ्यात किऑस्कपाशी मदतीला असलेली एक मुलगी आली. तिने आईकडे बघून ‘तेय्झे’ म्हटलं, माझ्या हातातलं तिकीट वाचलं, पडद्यावरचं आडनाव वाचलं आणि शेवटच्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘नोक्ता योक.’’ टिंब नको. मग तिने वरच्या ओळीतलं, U आणि O च्या मधलं, बिनटिंबाचं I दाबलं आणि आमचं बुकिंग उघडलं. (तेय्झे म्हणजे आईची बहीण, आपली मावशी. आणि नोक्ता म्हणजे आपण ज्याला नुक्ता म्हणतो तोच शब्द, दोन्हीकडे अरबीतून आलेला. आईला या दोन्ही गोष्टी फार आवडल्या.)

कारण समजल्यावर मला ते अगदी साधं वाटलं. तुर्कीत आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत. एकाला मोठ्या लिपीतही टिंब असतं, İ, आणि त्याचं छोटं रूप i. दुसऱ्याला दोन्ही रूपांत टिंब नसतं, I आणि ı. उच्चारही निराळे. १९२८ साली तुर्कीने अरबी लिपी सोडून लॅटिन अक्षरं घेतली तेव्हा ही जोडी ठरली. विमान कंपन्यांच्या बुकिंगमध्ये मात्र नाव इंग्रजीच्या २६ मोठ्या अक्षरांतच साठवलेलं असतं, आणि त्यातल्या I ला टिंब नसतं. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतही तसंच. म्हणून माझ्या डोळ्यांना KULKARNİ आणि KULKARNI जवळजवळ एकच दिसलं, तरी त्या यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी आडनावं होती. जोशी, कुलकर्णी, गोखले यांतल्या गोखल्यांना ही अडचण येणार नाही, पण आपल्याकडे ‘ई’ने संपणारी आडनावं किती आहेत ते आठवून पाहा. तुर्की कीबोर्ड दिसला, की वरच्या ओळीतला बिनटिंबाचा आय वापरायचा.

पुढे यंत्राने दोघांची नावं दाखवली. दोघांवरही खूण केली, जागा शेजारशेजारच्या आहेत ना ते पाहिलं. मग सामानाचा प्रश्न आला, आणि इथे थांबून उत्तर द्यावं. आकडा प्रत्येक प्रवाशासमोर वेगळा टाकायचा असतो. आईची एक, माझी एक, असं दोन्हीकडे १ केलं. एकाच्याच नावावर २ टाकलं असतं, तर सामानाची मर्यादा दोघांची मिळून धरली जाईल की नाही याचा घोळ नंतर निस्तरावा लागला असता. यानंतर बॅगेत काय ठेवू नये याची चित्रं येतात. मी पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवली होती, ती तिथेच काढून पाठपिशवीत घेतली. ती केबिनमध्येच न्यावी लागते.

आधी दोन बोर्डिंग पास आले. मग दुसऱ्या फटीतून बॅगेच्या लांब चिकटपट्ट्या. किऑस्क बॅग तोलत नाही, फक्त पट्टी देतं. पट्टीवर मोठ्या अक्षरांत ASR होतं. तो कायसेरीच्या विमानतळाचा कोड. शहराच्या नावाशी तो जुळत नाही, पण बोर्डिंग पासवरही ASR च होतं, म्हणजे बरोबर. नावं वाचून आईची पट्टी आईच्या बॅगेला आणि माझी माझ्या बॅगेला, एवढं आधी ठरवून घेतलं. दोन्ही पट्ट्या एकामागून एक बाहेर येतात आणि दिसायला सारख्याच असतात.

पट्टी लावताना आधी पावतीचा छोटा तुकडा फाडून बाजूला ठेवला. मग टोकाचा कागद सोलून पट्टी हँडलमधून घेतली आणि चिकट बाजूवर चिकट बाजू, टोकाला टोक जुळवून दाबली. बारकोडवर घडी पडू द्यायची नाही, आणि तो बाहेरून दिसला पाहिजे.

तेवढं करून बॅगा द्यायला गेलो, तर तिथल्या माणसाने माझी बॅग थांबवली. मुंबईहून येतानाची पट्टी मी काढली होती, पण बॅगेच्या कडेला चिकटवलेला बोटभर लांबीचा एक बारकोड तसाच राहिला होता. चेक-इनच्या वेळी काउंटरवरचे कर्मचारी असे छोटे तुकडे बॅगेवर लावतात, म्हणजे मोठी पट्टी तुटली तरी बॅग ओळखता येते. पण जुना तुकडा राहिला, तर पट्ट्यावरच्या स्कॅनरला दोन बारकोड दिसतात आणि बॅग भलत्याच बाजूला वळू शकते किंवा हाताने तपासायला बाजूला काढली जाते. त्याने नखाने तो खरवडून काढला. मग मी आईच्या बॅगेचे चारही पैलू फिरवून पाहिले, चाकाजवळ आणखी एक सापडला. तोही काढला. त्यानंतर वजन झालं, बारकोड वाचला गेला आणि बॅगा आत गेल्या.

पावतीवर दहा आकडे असतात. पहिल्यानंतरचे तीन विमान कंपनीचे, शेवटचे सहा त्या बॅगेचे. मी दोन्ही पावत्यांचे फोटो काढून आईला पाठवले. कायसेरीला पट्ट्यावर एकसारख्या काळ्या बॅगा येत होत्या. आईने फोन समोर धरून शेवटचे सहा आकडे मोठ्याने वाचले, मी बॅगेवरचे ताडले, आणि आपली बॅग आपल्याच हाती आली याची तिला खात्री पटल्यावर आम्ही बाहेर पडलो.